परक्या खिशात वाजलेले निरोप

तरंग पेजिंगच्या ऑफिसात मुली नीलमला पाठीमागे ‘एरंडेल’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. साखरेच्या पाकात घोळलेलं बोलणं ती मध्येच तोडायची, आणि त्या ऑफिसात तर दिवसभर पाकच उकळत असे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सुरतेत तेव्हा कमरेला पेजर लटकावल्याशिवाय माणूस कामाचा वाटत नसे. कापडाचे दलाल, डॉक्टर, प्रोसेस हाऊसचे म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलचे फिटर, सगळ्यांच्या पट्ट्याला ती काळी डबी. निरोप देणारा तरंगच्या केंद्रात फोन करायचा, पेजरचा नंबर आणि निरोप सांगायचा. मुलगी तो टाइप करायची आणि सुरतभर कुठेही असलेली ती डबी वाजून तिच्यावर अक्षरं सरकायची. उलट उत्तर पाठवायची सोय त्या डबीत नव्हती. निरोप पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नसे, आणि कंपनीलाही कळत नसे. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटच्या चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून बसलेल्या पंधरा-वीस मुलींवर नीलम देखरेख करायची.

ती सुरतेतल्याच उधन्याची. बाप बाजीराव रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारा. भुसावळकडून बदली होऊन आला तो उधना यार्डातच निवृत्त झाला. आई शकू नीलम दहावीत असताना काविळीनं गेली. नीलम बी.कॉम. झाली, टायपिंग शिकली, गुजराती तर शाळेपासूनच गुजरात्यासारखी बोलायची. तिशी आली तरी लग्न झालं नव्हतं. दोन स्थळं चांगली आली होती. दोन्ही वेळा मुलाकडचे चहा-पोहे खाऊन ‘बघू, कळवू’ म्हणून गेले आणि महिनाभरानं होकार घेऊन परत आले. दोन्ही वेळा नीलमनं नाही म्हटलं. “महिनाभर काय बघत होते?” असं तिनं बापाला विचारलं.

मॅनेजर होते पराग नायक. अंगाला अत्तर, खिशाला दोन पेनं, आणि तोंडात कायम ‘आदरणीय ग्राहक’. ग्राहक समोर नसला की त्याच तोंडात त्याच ग्राहकासाठी दुसरा शब्द असे, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मशीन सांभाळणारा नरेंद्र म्हणजे इंजिनिअर. तोही उधन्याचाच, नीलमच्या दोन गल्ल्या पलीकडचा. हुशार, पण नायकांच्या केबिनमध्ये शिरताना तो मान आधी आत घालायचा आणि मग अंग. नीलमला नायकांचा तिटकारा होता. नरेंद्रचा तिला त्याहून जास्त राग यायचा, कारण त्याला बरंवाईट कळत होतं.

दिवाळीला तीनेक आठवडे होते. एका रविवारी मुख्य कॉम्प्युटरची डिस्क गेली. अर्धा दिवस सगळं बंद. सोमवारी सकाळी यंत्रणा चालू झाली आणि नायकांनी स्टाफला पेढे वाटले. पेढे कसले, असं नीलमच्या मनात आलं. बंद पडलेलं चालू केल्याबद्दल पेढे वाटायचे, तर रोज सकाळी ऑफिसचं शटर उघडल्याबद्दलही वाटावेत. त्या दिवशी काही नव्या ग्राहकांचे नंबर कॉम्प्युटरला सापडत नव्हते. नरेंद्रनं अर्जांचे गठ्ठे काढून ते हातानं भरले. संध्याकाळपर्यंत तक्रारी थांबल्या. झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, धुडकू आला.

धुडकू बमरोलीत राहायचा. पारोळ्याकडचा माणूस, पन्नाशीचा, हातावर भाजल्याचे जुने डाग. पांडेसरा आणि सचिन या कारखान्यांच्या वसाहतींतल्या तीन-चार प्रोसेस हाऊसमध्ये तो बॉयलरचं काम बघायचा. पगारी नव्हे, बोलावलं की जायचं. त्या बोलावण्यासाठीच त्यानं पेजर घेतला होता. त्यानं ती डबी काउंटरवर ठेवली, मेलेलं पाखरू ठेवावं तशी.

“ताई, मना पेजर आठ दिन पाईन मुका शे. वाजतच नही.”

काउंटरवरच्या मुलीनं सेल बदलला आणि हसून सांगितलं, “काका, निरोपच आले नसतील.”

“सणना दिवसमा बॉयलर बंद पडत नहीत का?” धुडकू म्हणाला. “मिलवाला म्हने, तुले चार येळा बोलावं, तू उनाच नही. पानीना पंप बंद पडना, आख्खी पाळी बसनी. दुसरा मानूस ठेवी लिधा त्यास्नी.”

मागे उभ्या नीलमनं हे ऐकलं. तिनं कॉम्प्युटरवर धुडकूचा नंबर काढला. गेल्या आठवड्यातले सात निरोप दिसत होते. ‘पंप बंद, लवकर ये.’ ‘धुडकूभाई क्यां छो’, म्हणजे कुठे आहात. प्रत्येकापुढे एकच शब्द: पाठवला. तिनं स्वतः एक चाचणी निरोप टाइप केला. कॉम्प्युटर म्हणाला, पाठवला. काउंटरवरची डबी गप्प.

तिनं डबी उलटी केली. प्रत्येक पेजरला आतून स्वतःचा एक सांकेतिक क्रमांक असतो. कंपनीच्या मनोऱ्यावरून निघालेला निरोप हवेत सगळ्याच डब्यांपर्यंत जातो, पण ज्या डबीचा तो क्रमांक असेल तेवढीच वाजते. ग्राहकाचा नंबर आणि त्याच्या डबीचा क्रमांक यांची जोडी कॉम्प्युटरमध्ये लिहिलेली असते. धुडकूच्या डबीमागचा क्रमांक एक होता आणि कॉम्प्युटरमधला दुसराच.

“काका, डबी बदलून घेतली होती का कधी?”

“श्रावणमा. पानीना हौदमा पडनी व्हती. तुम्हीच दुसरी दिधी.”

तिनं काउंटरवरच्या मुलीला स्टोअरमध्ये पाठवलं. श्रावणातली ती भिजलेली डबी दुरुस्त होऊन कुठे गेली, हे पाच मिनिटांत कळलं. छगनलाल नावाच्या कापड दलालाला, नवा ग्राहक म्हणून. म्हणजे आठ दिवस धुडकूचा बॉयलर छगनलालच्या खिशात वाजत होता.

नीलम सरळ मशीनच्या खोलीत गेली. एसीच्या गारव्यात नरेंद्र बसला होता. तिनं दार लावलं.

“त्या रविवारी नोंदींची कधीची टेप चढवलीस?”

नरेंद्रनं टेपांच्या कपाटाकडे बोट केलं.

“आधीच्या आठवड्याची वाचली जाईना,” तो म्हणाला. “त्याच्या आधीच्याही नाही. टेप रोज भरतो गं आपण, पण ती वाचता येते का, हे कधी कुणी तपासलंच नाही. शेवटी एक लागली. जूनमधली.”

“म्हणजे जूननंतर ज्यांनी डबी बदलली, त्या सगळ्यांचे निरोप जुन्या डबीवर जातायत.”

“हो.”

“आणि जुन्या डब्या आपण दुसऱ्यांना दिल्यात.”

“काही दिल्यात. काही स्टोअरमध्ये पडून आहेत.”

“किती लोक?”

“साडेतीनशेच्या आसपास. मी हळूहळू दुरुस्त करतोय.” मग खालच्या आवाजात, “सरांना त्या सोमवारीच सांगितलं होतं. ते म्हणाले, तक्रार येईल तसं करत जा. उगाच गाजावाजा नको.”

‘हळूहळू’. एका प्रोसेस हाऊसची आख्खी पाळी बिनकामाची बसली, एका माणसाचं काम गेलं, आणि हा पोरगा गारव्यात बसून हळूहळू करतोय. नीलमला त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण ते त्याच्यावर वाया गेले असते. तिनं फक्त धुडकूची जोडी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली. बाहेर येऊन चाचणी निरोप पाठवला. डबी वाजली. धुडकू हसला. चूक कुणाची होती, हे त्यानं अजून विचारलं नव्हतं.

“काका, तुमचा पेजर बिघडलेला नव्हता,” नीलम म्हणाली. “चूक आमची आहे. तुमचे निरोप आठ दिवस दुसऱ्याच्या पेजरवर गेले. मिलवाले खरं बोलतायत, त्यांनी बोलावलं होतं.”

धुडकूचं हसू विरलं. त्यानं डबी उचलली, शर्टाच्या खिशात घातली, परत काढली. “मंग मिलवालाले हाई कोन सांगी?” त्यानं विचारलं.

“मी सांगेन,” ती बोलून गेली.

त्याच दुपारी ती नायकांच्या केबिनमध्ये गेली. नायकांनी शांतपणे ऐकलं. गुळगुळीत माणसं फार शांतपणे ऐकतात.

“नीलमबेन, तुमची कळकळ समजते,” ते म्हणाले. “मी एक सूचना तयारच करतोय.”

संध्याकाळी ती सूचना गेली. आदरणीय ग्राहक, आपल्या अधिक चांगल्या सेवेसाठी यंत्रणेत तांत्रिक सुधारणा सुरू आहेत. क्वचित काही ग्राहकांना किरकोळ गैरसोय जाणवू शकते. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

नीलमनं ती तीनदा वाचली. काय झालं, हे त्यात नव्हतं. कुणाला झालं, तेही नव्हतं. वाचणाऱ्यानं काय करायचं, याचा तर पत्ताच नव्हता. डिस्क मरून गेली ती सुधारणा. आठ दिवस निरोप परक्याच्या खिशात गेले ती गैरसोय, आणि तीही ‘जाणवू शकते’, म्हणजे ज्याला जाणवेल त्याच्याच कातडीचा दोष. सहकार्य तर कुणी केलंच नव्हतं. साडेतीनशे माणसांना आपण सहकार्य करतोय हे माहीतसुद्धा नव्हतं.

यावर कळस म्हणजे नायकांनी ती सूचना प्रत्येक ग्राहकाच्या नंबरावर पाठवली होती. साडेतीनशे लोकांना निरोप पोचत नाहीत ही बातमी त्या साडेतीनशे लोकांना निरोपानं कळवली होती. धुडकूला ती मिळाली, कारण त्याची जोडी दुपारी सुधारली होती. बाकीच्यांच्या सूचना गेल्या जुन्या डब्यांवर. स्टोअरच्या कपाटात पडलेल्या डब्या आठ दिवस अधूनमधून वाजत होत्या, तिकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं; आता त्या एकामागून एक वाजल्या, तेव्हा शिपाई घाबरून बाहेर आला. आणि ज्यांच्या हातात परक्याची जुनी डबी होती, त्यांना तीच सूचना दोन-दोनदा मिळाली.

घरी तिनं बापाला सांगितलं. बाजीराव भाकरी कुस्करत ऐकत होता.

“आमच्याकडं भोंग्यावर सांगायचे, असुविधा के लिए खेद है,” तो म्हणाला. “कोनाला खेद है, ते कदी नाही सांगितलं. गाडी कदी येनार, तेबी नाही.”

“मग लोक काय करायचे?”

“मला येऊन विचारायचे. मी सांगायचो, मालगाडीचा डबा घसरलाय, दीड तास लाइन मोकळी होत नाही, बसनं जा. मास्तर दोनदा वरडला माझ्यावर.” त्यानं पाणी प्यायलं. “तू कायले त्यात पडते? नोकरी चांगली है. गप ऱ्हा.”

हेही बापाचंच बोलणं. आधी स्वतः केलेलं सांगायचं आणि मग ते करू नको म्हणायचं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कागदावर आपली सूचना लिहिली. गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत, कारण उधना-पांडेसऱ्याची निम्मी माणसं घरी मराठीच बोलायची. त्यात लिहिलं होतं: दहा दिवसांपूर्वी, रविवारी, आमच्या कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली. ताजी प्रत वाचता आली नाही म्हणून जूनमधली जुनी प्रत वापरली. त्यामुळे जूननंतर ज्यांनी पेजर बदलून घेतला, अशा सुमारे साडेतीनशे ग्राहकांचे निरोप दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जुन्या पेजरवर जात आहेत. त्यांतले काही पेजर आता दुसऱ्या ग्राहकांकडे आहेत आणि त्यांनी ते निरोप वाचले असतील. कोणी काय वाचलं, हे आम्हाला सांगता येत नाही. पेजर बदलून घेतला असेल तर आम्हाला फोन करा, मागचा क्रमांक वाचून दाखवा, फोनवरच दुरुस्ती होईल. या दिवसांतले तुमचे निरोप आमच्याकडे नोंदलेले आहेत. पेजर घेऊन या, तुमचे तुम्हाला काढून देऊ. दुसऱ्याचे निरोप तुमच्याकडे आले असतील तर ते पुसून टाका आणि आम्हाला कळवा. शुक्रवारपर्यंत सगळ्या जोड्या तपासून होतील. चूक आमची आहे.

नायकांनी कागद वाचला आणि पेन उघडलं.

“‘डिस्क बंद पडली’ नको. ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहू.”

“कोणतं कारण, हे त्यातून कळत नाही.”

“कळायचं कशाला आहे?” त्यांनी पुढची ओळ खोडली. “साडेतीनशे नको. ‘काही मोजके’. आणि हे परक्यानं वाचलं वगैरे, हे तर अजिबात नाही. नीलमबेन, सगळे निरोप पाठवले गेलेत. आपल्या नोंदीत तसंच आहे.”

“पाठवले. पोचले असं नोंदीत नाही.”

“तेच तर. आपण खोटं कुठे बोलतोय?”

या माणसाला आपण हुशार आहोत असं मनापासून वाटतं, हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिचा उरलासुरला राग ओसरून नुसती किळस उरली. ‘चूक आमची आहे’ या ओळीवर नायकांचं पेन आलं तेव्हा ते थांबलं. मग त्यांनी ती ओळ इतकी गिरवून खोडली की कागद फाटला.

“हेड ऑफिसला विचारून बघतो,” ते म्हणाले. “कळवतो.”

नीलम आपल्या मुलींकडे गेली. सूचना काढायचा अधिकार तिला नव्हता, पण फोन घेणाऱ्या मुलींनी काय बोलायचं हे तीच ठरवायची. डब्या बदलल्याच्या पावत्यांवरून साडेतीनशे नंबर उतरवून तिनं प्रत्येक मुलीसमोर चिकटवले.

“यांतल्या नंबरासाठी निरोप आला, तर घ्यायचा,” ती म्हणाली. “पण सांगायचं, आमच्याकडे बिघाड आहे, हा निरोप चुकीच्या माणसाकडे जाऊ शकतो. महत्त्वाचं असेल तर दुसऱ्या रस्त्यानं कळवा, आणि त्यांना म्हणावं आम्हाला फोन करा. खासगी काही असेल तर पाठवूच नका म्हणावं.”

“सर विचारतील तर?” सोनाली नावाच्या मुलीनं विचारलं.

“माझं नाव सांगायचं.”

फोन करणाऱ्यांनीच मग बातमी पोचवली. व्यापारी दलालाला म्हणाला, बायको नवऱ्याला म्हणाली, कंपाउंडर डॉक्टरला म्हणाला. दुपारपासून लोक डबीमागचा क्रमांक वाचायला फोन करू लागले. नरेंद्र एकेक जोडी सुधारू लागला आणि त्याचं ‘हळूहळू’ बरंच भराभर झालं. कुणीतरी उघड सांगितल्यावर हा माणूस काम करू शकत होता. स्वतःहून मात्र त्यानं जन्मात तोंड उघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात पन्नासेक माणसं जमली. सगळे कापड मार्केटातले, वरच्या आवाजाचे. पुढे छगनलाल दलाल. पांढरी सफारी, गळ्यात साखळी. नायक केबिनमधून बाहेर आले ते हात जोडूनच.

“आदरणीय मित्रांनो,” त्यांनी सुरुवात केली. तरंग परिवार, ग्राहक हाच देव, अद्ययावत तंत्रज्ञान. पाच मिनिटं झाली तरी डिस्क आली नाही. लोकांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“साहेब, सरळ सांगा,” छगनलाल मध्येच म्हणाला. “माझ्या पेजरवर आठ दिवस कुणा धुडकूचा बॉयलर वाजत होता. मला वाटलं कुणीतरी मस्करी करतंय. आम्ही मार्केटात वाचून हसायचो. आता मला सांगा, माझे भाव, माझ्या पार्ट्यांची नावं कुणी वाचली?”

“ती शक्यता पूर्णपणे नाकारता येत नसली, तरी...” नायक म्हणाले.

“तुमचे कुणी वाचले नाहीत,” मागून नीलम म्हणाली.

सगळे वळले. ती मुलींच्या काचेजवळ उभी होती. पुढे काय बोलायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं, पण कागद पाठ होता.

“छगनभाई, तुम्ही जूननंतर आलेले ग्राहक. तुमचा नंबर हातानं भरलाय, तो बरोबर आहे. तुमचे निरोप तुम्हालाच आले. पण तुमच्या हातातली डबी आधी दुसऱ्याची होती, म्हणून त्याचेही तुम्हाला आले.” मग ती सगळ्यांना म्हणाली, “ज्यांनी जूननंतर डबी बदलली, त्यांनीच काळजी करायची आहे. बाकीच्यांनी नाही. अकरा दिवसांपूर्वी डिस्क गेली, जुनी प्रत चढवली, म्हणून हे झालं. ज्यांचे निरोप चुकले, ते दुसऱ्या कुणीतरी वाचले असू शकतात. ते आम्हाला परत घेता येत नाहीत.”

मग गलका झाला. गंमत अशी की सगळा नायकांवर नव्हे, तिच्यावर. ज्यानं पाच मिनिटं काहीच सांगितलं नाही त्याला कुणी बोललं नाही. जिनं सांगितलं तिलाच लोक धरून बसले. एकजण म्हणाला, आठ दिवस झोपला होतात का. दुसरा म्हणाला, ह्या बाईला काढा आधी. छगनलाल तर म्हणाला, “मजुराचं बोलावणं माझ्या पेजरवर? मला घाणेरडी डबी दिलीत?”

आठ दिवस परक्याचा निरोप मित्रांना वाचून दाखवणारा हा माणूस, आणि त्याला दुखत होतं ते डबी मजुराची होती म्हणून.

“तो मजूर नाही, बॉयलरवाला आहे,” ती म्हणाली. “तुम्ही हसत होता तेव्हा त्याचं काम गेलं. पहिल्याच दिवशी एक फोन केला असता, तर आम्हालाही तेव्हाच कळलं असतं.”

छगनलालनं डबी खिशात टाकली. त्याच्या मागे उभा असलेला एक चष्मेवाला व्यापारी मात्र म्हणाला, “बेन, मी ऑगस्टमध्ये डबी बदललीय. आता काय करू?” आवाजात राग होता, पण प्रश्न होता. नीलमनं त्याची डबी घेतली, उलटी केली आणि क्रमांक आत सांगितला. मग दुसरा पुढे आला. थोड्याच वेळात गलक्याची रांग झाली. ज्यांनी डबी बदलली नव्हती ते कुरकुरत जिना उतरले. रांगेतले लोक शिव्या देतच उभे होते, पण उभे होते. नायक केबिनमध्ये गेले आणि हेड ऑफिसला फोन लावून बसले.

शुक्रवारी शेवटची जोडी सुधारली. शनिवारी हेड ऑफिसकडून पत्र आलं. नीलमचीच सूचना, नायकांनी आपल्या नावानं वर पाठवलेली, तिन्ही भाषांत, सगळ्या ग्राहकांना टपालानं पाठवायची. आतला मजकूर बहुतेक तसाच होता, ‘चूक आमची आहे’ सुद्धा. खाली सही पराग नायक यांची. ग्राहकांशी स्पष्ट संवाद साधल्याबद्दल हेड ऑफिसनं त्यांचं कौतुक केलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ते बढतीवर अहमदाबादला गेले. निरोपसमारंभात पारदर्शकता हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की सोनालीला हसू आवरेना आणि ती पाणी प्यायला उठून गेली. नीलम बसून राहिली. तिला हसूही आलं नाही. अशा माणसांची घडण बघून हसायला यायचं तिचं वय मागे पडलं होतं.

पण तो शनिवार अजून संपायचा होता. दुपारी सुट्टी झाल्यावर ती रिक्षानं पांडेसऱ्याला गेली. धुडकू मिलच्या फाटकाशी उभा होता, धुतलेला शर्ट घालून. प्रोसेस हाऊसच्या आवारात वाफ आणि रंगाचा आंबूस वास भरला होता. मिलचा मास्टर, म्हणजे कामावरचा मुख्य, गणपत नावाचा नाशिककडचा माणूस, पत्र्याच्या केबिनमध्ये चहा पीत होता.

नीलमनं उभ्या-उभ्याच सांगितलं. निरोप कुठे गेले, का गेले, धुडकूनं ते पाहिलेच नव्हते, आणि आता दुरुस्त झालंय. सातही निरोपांची नोंद तिनं धुडकूच्या संमतीनं सोबत आणली होती, ती पुढे ठेवली.

गणपतनं वाचली. “बरं झालं सांगितलंत,” तो म्हणाला. “धुडकू असा वागणार नाही, असं मलाही वाटत होतं.”

“मग त्यांना परत घ्या.”

“ते नाही होणार, ताई. नवा माणूस लागलाय. त्याचं काही चुकलेलं नाही, त्याला कसा काढू?” त्यानं कप खाली ठेवला. “शेजारच्या युनिटमध्ये विचारतो. तिथले बॉयलर जुने आहेत, त्यांना माणूस लागतोच. पण शब्द देत नाही.”

नीलमला या माणसाचाही राग यायला हवा होता. आला नाही. तो ‘बघू’ म्हणाला नव्हता. काय होणार नाही, काय होऊ शकतं आणि कशाची खात्री नाही, हे त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

फाटकाबाहेर धुडकू तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाला. हमरस्त्यावर रिक्षा दिसल्यावर तो म्हणाला, “तुम्ही खरं बोलन्यात, ताई. पन उशीर व्हयना.”

“हो,” ती म्हणाली. “पहिल्या सोमवारीच सांगायला हवं होतं.”

ती आणखी काही बोलेल, असं वाटून धुडकू थांबला. नायक असते तर त्यांनी इथे खेद व्यक्त केला असता. नीलमकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिनं विचारलं, शेजारच्या युनिटवाल्यांचा फोन आला तर निरोप कुठे द्यायचा, पेजरवर की आणखी कुठे.

धुडकूनं खिशातली डबी चाचपली. “बमरोलीमा पानवाला शे,” तो म्हणाला. “तठे फोन शे. तोच नंबर ल्या.”

त्यानं नंबर सांगितला, तिनं हातावर लिहून घेतला आणि ती रिक्षात बसली.